दवाखान्याच्या भेटी मोजताना साधे रिग्रेशन का पुरत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यातील मराठी भाषक डॉक्टर, पदव्युत्तर विद्यार्थी आणि सामाजिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणारे कार्यकर्ते प्रबंधाच्या किंवा छोट्या अभ्यासाच्या निमित्ताने जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. सर्व उत्तरांमध्ये एकच उदाहरण वापरले आहे. दम्याचे २०० प्रौढ रुग्ण आहेत. त्यांपैकी १०० जणांना नेहमीचे उपचार मिळाले आणि १०० जणांना त्यासोबत इनहेलर नीट वापरण्याचे प्रशिक्षणही मिळाले. वर्षभरात प्रत्येक जण दम्याचा झटका आल्यामुळे तातडीने दवाखान्यात किती वेळा आला, हे मोजले आहे. हे आकडे समजावून सांगण्यासाठी रचलेले आहेत, कोणत्याही प्रत्यक्ष दवाखान्यातून घेतलेले नाहीत. त्यांच्यावरची गणिते मात्र कागद-पेन्सिल घेऊन कोणालाही पडताळता येतील.

भेटींची संख्या हीसुद्धा संख्याच आहे. मग रक्तदाबासाठी चालणारे रिग्रेशन येथे का चालू नये?

साधे रिग्रेशन दोन गोष्टी गृहीत धरते. पहिली अशी की सरासरी सरळ रेषेत वर-खाली होते. दुसरी अशी की त्या रेषेभोवतीचा विखुरलेपणा, म्हणजे प्रचरण किंवा व्हेरिअन्स, सर्वत्र सारखाच असतो. रक्तदाबाच्या बाबतीत ही दोन्ही गृहीतके बऱ्याच अंशी निभावतात. भेटींच्या बाबतीत ती निभावत नाहीत, आणि त्याचे कारण भेट या गोष्टीच्या स्वरूपातच आहे. भेटी शून्यापेक्षा कमी होऊ शकत नाहीत, त्या पूर्णांकांतच येतात, आणि जिथे सरासरी कमी असते तिथे सगळे आकडे शून्य व एकच्या आसपास दाटून बसलेले असल्यामुळे विखुरण्याला जागाच नसते. सरासरी वाढत जाते तसा विखुरलेपणाही वाढत जातो.

आपल्या उदाहरणातील नेहमीच्या उपचारांचा गट पाहा. १०० जणांच्या मिळून १६६ भेटी झाल्या, म्हणजे सरासरी १.६६ आणि प्रचरण सुमारे ५.०४. नॉर्मल वितरण मानून ९५ टक्के रुग्ण ज्यात बसावेत अशी मर्यादा काढली, तर ती उणे २.७ पासून ६.१ पर्यंत येते. उणे २.७ भेटी कोणीही देत नाही. वरच्या टोकाला मात्र ८, ८, १० आणि १२ वेळा आलेले चार रुग्ण मर्यादेबाहेर राहतात. खालच्या बाजूला अशक्य गोष्टीसाठी जागा राखली जाते आणि वरच्या बाजूला खरोखर घडलेली गोष्ट बाहेर पडते.

मग प्वासाँ मॉडेल काय वेगळे करते?

ते दोन बदल करते. सरासरीऐवजी सरासरीचा लॉगॅरिदम सरळ रेषेत मांडला जातो, त्यामुळे अंदाज कधीही उणे येत नाही आणि प्रत्येक घटकाचा परिणाम बेरजेने नव्हे तर गुणाकाराने मोजला जातो. दुसरा बदल असा की प्रचरण स्थिर न मानता ते सरासरीइतकेच मानले जाते.

हे दुसरे गृहीतक कधी खरे ठरते, याचे प्रसिद्ध उदाहरण लाडिस्लाउस बोर्टकिएविच यांनी १८९८ मध्ये दिले. प्रशियाच्या घोडदळात घोड्याच्या लाथेने झालेले मृत्यू त्यांनी पलटणवार आणि वर्षवार मोजले. त्यातील १० पलटणींची २० वर्षे, म्हणजे २०० नोंदी घेतल्या, तर एकूण १२२ मृत्यू आहेत, सरासरी ०.६१ आणि प्रचरणही जवळजवळ ०.६१. प्वासाँच्या हिशोबाने शून्य मृत्यूच्या सुमारे १०८.७ नोंदी असायला हव्यात, आणि प्रत्यक्षात त्या १०९ आहेत. येथे घटना दुर्मीळ होती, एका मृत्यूचा दुसऱ्याशी संबंध नव्हता, आणि सगळ्या पलटणींचा धोका जवळपास सारखाच होता. या तीन अटींपैकी तिसरीकडे विशेष लक्ष द्यावे, कारण दवाखान्यात सर्वांत आधी तीच मोडते.

दवाखान्याच्या भेटींत ती अट का मोडते?

कारण रुग्ण एकसारखे नसतात, आणि त्यांच्यातील सर्व फरक आपण मोजलेले नसतात. एखादा नंदेसरीच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांजवळ काम करतो, एखादीच्या घरात भिंतींना ओल आहे, कोणी औषध मध्येच सोडतो, कोणाचे घर दवाखान्यापासून दोन मिनिटांवर आहे, तर कोणाला रात्री रिक्षा मिळत नाही. वय, लिंग आणि आजाराची तीव्रता मॉडेलमध्ये घातल्यावरही या गोष्टी शिल्लक राहतात. प्रत्येकाचा स्वतःचा असा एक दर असतो, आणि आपल्यासमोर येतात त्या अशा वेगवेगळ्या दरांनी घडलेल्या घटना एकत्र मिसळून.

ही गोष्ट स्पष्टपणे मांडली ती मेजर ग्रीनवुड आणि उडनी यूल यांनी १९२० मध्ये. पहिल्या महायुद्धाच्या काळात तोफगोळे बनवणाऱ्या कारखान्यातील ६४७ स्त्री कामगारांना पाच आठवड्यांत किती अपघात झाले, याची नोंद त्यांच्याकडे होती. ४४७ जणींना एकही अपघात झाला नाही, १३२ जणींना एक, ४२ जणींना दोन, २१ जणींना तीन, ३ जणींना चार आणि २ जणींना पाच. सरासरी सुमारे ०.४७ येते आणि प्रचरण ०.६९. प्वासाँप्रमाणे अपघातमुक्त स्त्रिया सुमारे ४०६ असायला हव्या होत्या, तर तीन किंवा अधिक अपघात झालेल्या केवळ ८. प्रत्यक्षात त्या अनुक्रमे ४४७ आणि २६ होत्या. शून्याकडेही गर्दी जास्त आणि वरच्या टोकाकडेही जास्त, असे हे चित्र आहे. ग्रीनवुड आणि यूल यांनी असे मानले की प्रत्येकीचा अपघाताचा दर वेगळा आहे आणि हे दर गॅमा वितरणाने पसरलेले आहेत. अशा दरांवर प्वासाँ चालवला की जे वितरण मिळते तेच निगेटिव्ह बायनॉमियल.

त्यात प्रचरणाचे सूत्र असे आहे:

```
Var(Y) = mu + alpha * mu^2
```

पहिला भाग प्वासाँचाच आहे, म्हणजे निव्वळ योगायोगाचा. दुसरा भाग माणसामाणसांतील न मोजलेल्या फरकाचा आहे. आल्फा शून्य असेल तर आपण पुन्हा प्वासाँवर येतो. या सूत्रातील वर्ग लक्षात घ्यावा. आल्फा १.२२ असेल, तर सरासरी ०.५ असलेल्या सौम्य रुग्णांत प्रचरण सुमारे ०.८ राहते, म्हणजे प्वासाँपासून फार दूर नाही. सरासरी ४ असलेल्या गंभीर रुग्णांत मात्र तेच प्रचरण २३ च्या पुढे जाते. प्वासाँचे गृहीतक जास्त आजारी लोकांत जास्त मोडते, आणि अभ्यासाला महत्त्वाची माणसे बहुधा तीच असतात.

आपल्या उदाहरणात हा फरक डोळ्यांना दिसतो का?

दिसतो, आणि मॉडेल चालवण्याआधी प्रत्येकाने हा तक्ता करून पाहावा असा माझा आग्रह आहे. नेहमीच्या उपचारांच्या गटातील १०० जण प्रत्यक्षात कसे विभागले गेले आणि दोन्ही वितरणे काय सांगतात ते असे:

| भेटी | प्रत्यक्ष रुग्ण | प्वासाँचा अंदाज | निगेटिव्ह बायनॉमियलचा अंदाज |
|---|---|---|---|
| ० | ४० | १९.० | ४०.४ |
| १ ते २ | ३६ | ५७.८ | ३५.६ |
| ३ ते ५ | १८ | २२.५ | १७.४ |
| ६ व अधिक | ६ | ०.७ | ६.६ |

आल्फा येथे हातानेच काढता येतो. प्रचरणातून सरासरी वजा करावी आणि सरासरीच्या वर्गाने भागावे: (५.०४ − १.६६) ÷ २.७६, म्हणजे सुमारे १.२२. संगणक याहून अधिक काटेकोर पद्धतीने तो काढतो, पण हातचा अंदाज जवळ असला की आपण योग्य वाटेवर आहोत हे कळते. प्रत्यक्ष माहितीत जुळणी इतकी नेटकी बसत नाही, कारण हे उदाहरण मुद्दाम रचले आहे. तरीही प्वासाँची चूक कोणत्या दिशेने होते, ती दिशा अशीच राहते: शून्ये कमी, मधले जास्त, वरचे टोक जवळजवळ रिकामे.

पण मला रुग्णांची विभागणी सांगायची नाही, प्रशिक्षणाचा उपयोग झाला का एवढेच पाहायचे आहे. मग आल्फाची पर्वा का करावी?

कारण उपयोग झाला की नाही हे ठरवणारा स्टँडर्ड एरर प्रचरणातूनच येतो. प्रशिक्षण घेतलेल्या १०० जणांच्या एकूण १११ भेटी झाल्या, सरासरी १.११ आणि प्रचरण २.८३. दोन सरासरींचे गुणोत्तर ०.६७, म्हणजे भेटी सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या. हे गुणोत्तर प्वासाँमधूनही तेच येते आणि निगेटिव्ह बायनॉमियलमधूनही तेच. मतभेद त्याच्या खात्रीबद्दल आहे.

प्वासाँमध्ये लॉग-गुणोत्तराचा स्टँडर्ड एरर केवळ एकूण भेटींवरून ठरतो: १/१११ आणि १/१६६ यांच्या बेरजेचे वर्गमूळ, म्हणजे ०.१२३. त्यावरून ९५ टक्के विश्वास अंतराल ०.५३ ते ०.८५ येतो आणि पी-मूल्य ०.००१ च्या आसपास. असा निकाल कोणीही आनंदाने प्रबंधात लिहील. निगेटिव्ह बायनॉमियलमध्ये, दोन्ही गटांसाठी मिळून आल्फा सुमारे १.३ धरला, तर स्टँडर्ड एरर ०.२० होतो, विश्वास अंतराल ०.४५ पासून जवळजवळ १.०० पर्यंत पसरतो आणि पी-मूल्य ०.०५ च्या उंबरठ्यावर येते.

याचा अर्थ प्रशिक्षण निरुपयोगी ठरले असा नाही. गुणोत्तराचा अंदाज ०.६७ हाच राहतो. पण पहिले मॉडेल २७७ भेटींना २७७ स्वतंत्र साक्षीदार मानते, आणि प्रत्यक्षात वारंवार येणाऱ्या थोड्या रुग्णांनी त्यांतील मोठा वाटा भरलेला आहे. १२ वेळा आलेला तो एक रुग्ण योगायोगाने दुसऱ्या गटात पडला असता, तर आकडे किती हलले असते हे प्वासाँला दिसत नाही. दुसऱ्या मॉडेलला दिसते.

साध्या रिग्रेशनने हीच तुलना केली तर किती चुकते?

प्रामाणिकपणे सांगायचे तर, या ठिकाणी फारसे चुकत नाही. दोन सरासरींमधील फरक ०.५५ भेटी, त्याचा स्टँडर्ड एरर ०.२८, आणि विश्वास अंतराल जवळजवळ ० ते १.१. म्हणजे निष्कर्ष निगेटिव्ह बायनॉमियलच्या शेजारी येऊन बसतो, तर बिनतपासणीचे प्वासाँ मॉडेल दोघांपेक्षा फाजील आत्मविश्वासाने बोलते. ‘मोजणी आहे, म्हणून प्वासाँ’ हा नियम घोकून वापरणे साध्या रिग्रेशनपेक्षाही अधिक दिशाभूल करू शकते, हे विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगितले पाहिजे असे मला वाटते.

मात्र हे जुळणे काही अटींमुळे घडले आहे. दोन्ही गट सारख्या आकाराचे आहेत, सर्वांचा पाठपुरावा पूर्ण वर्षाचा आहे, आणि मॉडेलमध्ये दुसरा कोणताही घटक नाही. गटांचे आकार विषम झाले की सर्वत्र सारखे प्रचरण मानणारा स्टँडर्ड एरर चुकू लागतो. आणि घटक वाढले की सरळ रेषेचा आकारच अडचणीचा होतो. साधे रिग्रेशन म्हणते की प्रशिक्षणाने प्रत्येकाच्या ०.५५ भेटी कमी होतात. ज्या सौम्य रुग्णांची सरासरी मुळात ०.४ आहे, त्यांच्या भेटी यानुसार उणे ०.१५ होतात. ज्यांची सरासरी ६ आहे, त्यांच्या ५.४५. गुणोत्तराच्या हिशोबाने पहिल्यांच्या ०.४ वरून ०.२७ आणि दुसऱ्यांच्या ६ वरून ४ होतात. उपचार आजाराचा धोका काही प्रमाणात कमी करतो, असे आपण मानत असू, तर दुसरा हिशोब वैद्यकीय समजुतीशी जुळतो. पहिला हिशोब सौम्य रुग्णांना अशक्य फायदा आणि गंभीर रुग्णांना फारच थोडा फायदा दाखवतो.

भेटींचा लॉग घेऊन साधे रिग्रेशन केले तर?

शून्याचा लॉग निघत नाही, म्हणून लोक प्रत्येक आकड्यात एक मिळवतात. ४० टक्के रुग्ण शून्यावर असताना उत्तर त्या मिळवलेल्या आकड्यावर अवलंबून राहते, आणि एकऐवजी ०.५ मिळवले की गुणोत्तर बदलते. शिवाय लॉगची सरासरी आणि सरासरीचा लॉग या भिन्न गोष्टी असल्यामुळे मिळालेले उत्तर प्रत्यक्ष भेटींच्या सरासरीबद्दल राहत नाही. प्वासाँ आणि निगेटिव्ह बायनॉमियल सरासरीचाच लॉग घेतात, त्यामुळे शून्याची अडचणच उद्भवत नाही.

काही रुग्ण मध्येच गाव सोडून गेले. त्यांना वगळायचे का?

वगळू नये. त्यांनी जितके महिने पाठपुरावा दिला तितक्या महिन्यांची माहिती खरी आहे. भेटींना महिन्यांनी भागून दर काढणे आणि त्या दरावर साधे रिग्रेशन करणे हा मार्गही टाळावा, कारण एकच महिना पाहिलेला आणि त्यात एकदा आलेला रुग्ण वर्षाला १२ भेटी देणारा ठरतो आणि पूर्ण वर्ष पाहिलेल्या रुग्णाइतकेच वजन घेतो. मॉडेलमध्ये पाठपुराव्याच्या काळाचा लॉग ऑफसेट म्हणून घालावा. ऑफसेट म्हणजे असा घटक ज्याचा गुणक आपण १ वर बांधून ठेवतो, म्हणजेच दुप्पट काळात दुप्पट भेटी अपेक्षित आहेत असे सांगतो. काळाचा लॉग न घेता नुसते महिने ऑफसेटमध्ये टाकणे ही चूक सहज होते, आणि संगणक त्याबद्दल काहीही तक्रार करत नाही. गुणक अचानक विचित्र आले, तर प्रथम हे तपासावे.

येथे आपल्या शहरासंबंधी एक सावधगिरी सांगावीशी वाटते. ऑफसेट सर्व महिन्यांना समान मानतो. पण दम्याच्या रुग्णांसाठी दिवाळीच्या धुराचे आणि उत्तरायणाच्या सुमारास थंडीचे दिवस हे वैशाखातील दिवसांसारखे नसतात. एका गटातील लोकांचा पाठपुरावा मुख्यतः हिवाळ्यात झाला आणि दुसऱ्याचा उन्हाळ्यात, तर महिन्यांची बेरीज सारखी असूनही तुलना बिघडते. अशा वेळी माहिती ऋतुवार फोडून ऋतू हा घटक मॉडेलमध्ये घालावा लागतो.

संगणकावर हे प्रत्यक्ष कसे करायचे?

`R` मध्ये प्रथम प्वासाँ चालवावे, मग त्याचा विखुरलेपणा तपासावा, आणि मग निगेटिव्ह बायनॉमियल:

```r
library(MASS)
m1 <- glm(bheti ~ gat + offset(log(mahine)),
          family = poisson, data = d)
sum(residuals(m1, type = "pearson")^2) / df.residual(m1)
m2 <- glm.nb(bheti ~ gat + offset(log(mahine)), data = d)
exp(cbind(coef(m2), confint(m2)))
```

तिसऱ्या आज्ञेतून येणारा आकडा प्वासाँ योग्य असल्यास १ च्या आसपास असतो. आपल्या उदाहरणात तो २.७९ येतो, म्हणजे प्वासाँने मानलेल्या प्रचरणापेक्षा प्रत्यक्ष प्रचरण जवळजवळ तिप्पट आहे. प्वासाँचा स्टँडर्ड एरर याच आकड्याच्या वर्गमुळाने, म्हणजे १.६७ ने गुणला, तर ०.२० मिळतो, आणि वर वेगळ्या वाटेने आलेला आकडाही तोच होता. हा आकडा किती मोठा झाला की काळजी करावी याची ठाम सीमा नाही. रुग्णांची संख्या मोठी असेल तर १.२ सुद्धा दुर्लक्ष करण्यासारखा नसतो. सरासरी फार कमी असेल, समजा ०.१, तर हा आकडा स्वतःच डळमळीत होतो आणि वरच्यासारखा तक्ता अधिक विश्वासार्ह ठरतो.

एका ठिकाणी नेहमी गोंधळ होतो. `glm.nb` आल्फा छापत नाही, त्याचा व्यस्त छापतो आणि त्याला `Theta` म्हणतो. `Stata` मधील `nbreg` मात्र `alpha` छापते. आल्फा १.३ म्हणजे थीटा सुमारे ०.७७. `R` मध्ये थीटा हजारोंच्या घरात गेला आणि सोबत इशारा आला, तर त्याचा अर्थ बहुधा असा असतो की जादा विखुरलेपणा नाहीच आणि प्वासाँ पुरेसे आहे.

शून्ये खूप आहेत. मग झिरो-इन्फ्लेटेड मॉडेल वापरावे ना?

नुसती शून्ये जास्त दिसली म्हणून वापरू नये. आपल्या तक्त्यात १०० पैकी ४० शून्ये आहेत आणि प्वासाँ १९ च सांगतो, तरी निगेटिव्ह बायनॉमियल कोणत्याही वेगळ्या सोयीशिवाय ४० पर्यंत पोचतो. दर फार कमी असलेले लोक मिश्रणात असले की शून्ये आपोआप वाढतात. झिरो-इन्फ्लेटेड मॉडेलचे म्हणणे निराळे आहे. नमुन्यात असा एक वर्ग आहे, ज्याला भेट देणे शक्यच नव्हते, असे ते म्हणते. नोंदवहीत नाव आहे पण माणूस दांडिया बाजारातील घर सोडून कायमचा दुसऱ्या शहरात गेला, किंवा त्याला दमा नव्हताच आणि निदान चुकले होते, असे लोक खरोखर असतील आणि त्यांना ओळखण्याचे काही साधन असेल, तर ते मॉडेल अर्थपूर्ण होते. माझ्या मते अशा वेळी नोंदवही तपासून ती नावे बाजूला काढणे मॉडेलपेक्षा अधिक उपयोगी ठरते.

प्वासाँ ठेवून फक्त स्टँडर्ड एरर दुरुस्त केला तर चालेल का?

बऱ्याचदा चालेल. सरासरीचे सूत्र बरोबर असेल, तर प्रचरणाचे गृहीतक चुकूनही प्वासाँचे गुणोत्तर मोठ्या नमुन्यात योग्य दिशेनेच येते, आणि रोबस्ट स्टँडर्ड एरर घेतला की खात्रीचा प्रश्नही सुटतो. प्रश्न केवळ सरासरी गुणोत्तराचा असेल, तर हा मार्ग साधा आणि विश्वासार्ह आहे. निगेटिव्ह बायनॉमियलची गरज तेव्हा भासते, जेव्हा वितरणाबद्दलच काही सांगायचे असते. सहा किंवा अधिक वेळा येणारे रुग्ण किती असतील, त्यांच्यासाठी नेब्युलायझर आणि परिचारिका किती ठेवाव्या, किंवा पुढील अभ्यासासाठी नमुना किती मोठा घ्यावा, या प्रश्नांना प्वासाँ उत्तर देऊ शकत नाही, मग स्टँडर्ड एरर कितीही दुरुस्त केला तरी. प्वासाँच्या हिशोबाने १०० रुग्णांत असे वारंवार येणारे एकही धरून चालता येत नाही, आणि प्रत्यक्षात ते सहा आहेत.

निगेटिव्ह बायनॉमियल वापरले म्हणजे सगळे ठीक झाले असे मानावे का?

नाही. आल्फा न मोजलेला फरक मान्य करतो, पण तो दूर करत नाही. प्रशिक्षणाला स्वतःहून आलेले लोक मुळातच अधिक काळजी घेणारे असतील, तर गुणोत्तर चुकीचेच राहील. विश्वास अंतराल रुंद होतो, पण अभ्यासाच्या रचनेतील पक्षपात त्याने जात नाही.

दुसरी मर्यादा परस्परसंबंधाची आहे. एकाच रुग्णाच्या बारा महिन्यांच्या बारा ओळी केल्या, किंवा एकाच घरातील तिघे नमुन्यात आले, तर त्या ओळी स्वतंत्र राहत नाहीत आणि आल्फा हे नाते ओळखत नाही. तेथे रुग्ण किंवा कुटुंब हा स्तर मॉडेलमध्ये घालावा लागतो, किंवा स्टँडर्ड एरर त्या स्तरावर एकत्रित करून काढावा लागतो.

तिसरी मर्यादा अधिक खोल आहे. भेटींचा जादा विखुरलेपणा दोन अगदी वेगळ्या कारणांनी येऊ शकतो. एक म्हणजे माणसांचे दर मुळातच वेगळे असणे. दुसरे म्हणजे एका भेटीने पुढच्या भेटीची शक्यता वाढणे, उदाहरणार्थ पहिल्या झटक्याने श्वासनलिका अधिक संवेदनशील होणे, किंवा एकदा आलेल्या रुग्णाला डॉक्टरांनीच आठ दिवसांनी परत बोलावणे. गणिताने दोन्ही वाटा निगेटिव्ह बायनॉमियलपर्यंत नेऊ शकतात, म्हणून केवळ वर्षाअखेरच्या एकूण आकड्यांवरून त्यांतील फरक सांगता येत नाही. तो कळण्यासाठी भेटींच्या तारखा लागतात. म्हणून नोंद करताना एकूण संख्या लिहून थांबू नये. प्रत्येक भेटीची तारीख आणि ती रुग्णाने स्वतःहून दिली की बोलावल्यावर, हे लिहून ठेवावे. बोलावलेल्या भेटी तातडीच्या भेटींत मिसळल्या, तर कोणतेही मॉडेल त्या नंतर वेगळ्या करू शकणार नाही.

प्रबंधात निकाल कसा लिहावा?

मॉडेलचे नाव, ते निवडण्याचे कारण, ऑफसेट आणि आल्फा हे चारही यावेत. आपल्या उदाहरणासाठी मी असे लिहीन: ‘तातडीच्या भेटींची सरासरी नेहमीच्या उपचारांच्या गटात वर्षाला १.६६ (प्रचरण ५.०४) आणि प्रशिक्षण गटात १.११ (प्रचरण २.८३) होती. प्वासाँ मॉडेलमध्ये पिअरसन विखुरलेपणा २.७९ आढळल्यामुळे निगेटिव्ह बायनॉमियल मॉडेल वापरले, आल्फा सुमारे १.३. सर्व रुग्णांचा पाठपुरावा १२ महिन्यांचा असल्यामुळे ऑफसेटचा निकालावर परिणाम झाला नाही. भेटींच्या दराचे गुणोत्तर ०.६७, ९५ टक्के विश्वास अंतराल ०.४५ ते १.००. भेटी एक तृतीयांशाने कमी झाल्याचा हा अंदाज आहे, परंतु निम्म्याहून अधिक घट आणि जवळजवळ शून्य घट, या दोन्ही शक्यता या माहितीशी विसंगत नाहीत.’ गुणोत्तर ०.६७ असताना ‘०.६७ भेटी कमी झाल्या’ असे लिहू नये. परीक्षकांना आणि वाचकांना दोन्ही गटांच्या सरासरी शेजारी दिल्या, की ही गफलत होण्याला वाव राहत नाही.